बारा पिपांचा स्टॉप रात्री अडीचला का उडतो? स्प्रेड, स्वॅप आणि लिव्हरेज: नवख्यांसाठी

गेल्या जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी निपाणीहून भाच्याचा फोन आला. "मामा, मला फसवलं. माझा स्टॉप १.०८६२ वर होता. चार्ट बघा तुम्ही, रात्रभरात भाव तिथपर्यंत गेलेलाच नाही. उलट खाली आलाय. तरी सौदा तोट्यात कापलाय."

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कास्टिंग कारखान्यात हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रं बघतो. आमची काही बिलं युरोत निघतात, त्यामुळे युरो-डॉलरचा भाव रोज डोळ्यांखालून जातो. मार्जिनवरचा सौदा, म्हणजे थोडी रक्कम अडकवून केलेला मोठा सौदा, त्यातला स्टॉप, म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा कापायचा हुकूम, आणि रात्रीचं शुल्क हे मात्र मलाही वेगळं बसून शिकावं लागलं. सरावाच्या खात्यावर चारेक महिने रोज नोंदी ठेवल्या, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. भाच्याचा स्टॉप कुणी मुद्दाम उडवला नव्हता. तो इतका जवळ होता की रात्रीच्या नेहमीच्या हालचालीतच जाणार होता, आणि तो जवळ ठेवण्याची वेळ आली कारण लॉट, म्हणजे सौद्याचा आकार, मोठा होता. खालच्या पायऱ्या या क्रमानेच वाचा. मधली गाळलीत तर पुढचे आकडे लागणार नाहीत.

## १. पैसे टाकण्याआधी: दार कोणतं?

भाचा ज्या ॲपवर होता ते टेलिग्रामवरच्या एका ग्रुपमधून आलेलं होतं. रुपये यूपीआयने कुणातरी अनोळखी माणसाच्या बचत खात्यात गेले आणि ॲपमध्ये "५०० डॉलर" दिसू लागले. चिकोडी, निपाणी, खानापूर या पट्ट्यात हे सध्या बरंच चाललंय, म्हणून आधी हे स्वच्छ सांगतो.

फेमा कायद्याखाली भारतात राहणाऱ्या माणसाला परकीय चलनाचा सौदा परवानगी असलेल्या संस्थेकडेच आणि परवानगी असलेल्या कारणासाठीच करता येतो. इलेक्ट्रॉनिक व्यवहार करायचा तर रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेला प्लॅटफॉर्म किंवा एनएसई, बीएसई, एमएसई यांसारखं मान्यताप्राप्त एक्स्चेंज, एवढेच मार्ग आहेत. परदेशी ॲपला मार्जिन म्हणून पैसे पाठवणं, परदेशी पैसे पाठवण्यासाठी असलेल्या उदारीकृत प्रेषण योजनेतही बसत नाही. उल्लंघन झालं तर गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो ॲपवाल्याला नाही, तुम्हाला.

रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादी पहिल्यांदा जाहीर केली, नंतर तिच्यात भर पडत गेली. इथे लोक हमखास चुकतात. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असा अर्थ होत नाही. परवानगी असलेल्यांची यादी वेगळी आहे, ती उघडून बघा.

तेव्हा नवख्या माणसासाठी सरळ उत्तर असं: शिकायचं असेल तर सरावाचं खातं, जिथे खरा पैसा लागत नाही. धंद्यात खरोखर परकीय चलन येत-जात असेल तर बँक किंवा एक्स्चेंज, त्याबद्दल शेवटच्या पायरीत लिहिलंय. पैसे आधीच कुठे अडकले असतील आणि काढायला गेल्यावर "आधी कर भरा" असं कुणी सांगत असेल, तर एक रुपयाही पुढे देऊ नका. १९३० वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा आणि सायबर आणि आर्थिक गुन्हे बघणाऱ्या बेळगावच्या सीईएन पोलीस ठाण्यात जा. यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट सोबत न्या. तक्रारीला जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

## २. शिकायला काय लागतं

- लॅपटॉप. मोबाईलवर पुढच्या दोन गोष्टी नीट दिसत नाहीत.
- MetaTrader 5 आणि त्यावरचं सरावाचं खातं. त्यात आभासी रक्कम ५०० किंवा १,००० डॉलरच घाला. एक लाख डॉलर घेऊन सराव केलात तर मार्जिनचा चिमटा कधीच जाणवणार नाही.
- वही, किंवा एक्सेलचं एक पान.
- न्यूयॉर्कच्या घड्याळाची जाण. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हे बदलतं.

## ३. स्प्रेड: भाव दोन असतात, चार्ट एकच दाखवतो

शहापूरच्या सराफाकडे सोनं घ्यायला गेलात तर एक भाव, तेच मोडायला गेलात तर दुसरा. चलनातही तसंच आहे. तुम्ही विकता तो भाव बिड, विकत घेता तो आस्क. आस्क नेहमी वर असतो आणि दोघांमधलं अंतर म्हणजे स्प्रेड.

युरो-डॉलरमध्ये चौथ्या दशांशातला एक म्हणजे एक पिप. १.०८५० चं १.०८५१ झालं की एक पिप. पूर्ण लॉट १,००,००० युरोचा असतो आणि त्यात एका पिपाचे १० डॉलर होतात. ०.१० लॉटमध्ये १ डॉलर, ०.०१ लॉटमध्ये १० सेंट. एवढं पाठ असलं की पुढचे सगळे हिशेब तोंडी होतात.

आता घोळ कुठे होतो ते बघा. मेटाट्रेडरचा चार्ट बिडवर काढलेला असतो. तुम्ही खरेदी केलीत तर सौदा आस्कवर सुरू होतो आणि बिडवर बंद होतो, म्हणजे तुमचा स्टॉप चार्टवर दिसणाऱ्या भावालाच लागतो. पण भाव उतरेल या अंदाजाने आधी विक्री केलीत तर सौदा बंद करायला तुम्हाला विकत घ्यावं लागतं आणि स्टॉप आस्कला लागतो. ती रेषा चार्टवर नसते. भाच्याचा सौदा विक्रीचा होता.

म्हणून पहिलं काम हे करा. चार्टवर F8 दाबा आणि Ask ची रेषा दाखवण्याचा पर्याय सुरू करा. मग Market Watch मध्ये EURUSD वर उजवं क्लिक करून Specification उघडा. तिथले आकडे बहुतेक पॉइंटमध्ये असतात, पिपांत नसतात. पाच दशांशांच्या भावात दहा पॉइंट म्हणजे एक पिप. स्प्रेडसमोर १२ दिसलं तर तो १.२ पिप आहे. मी स्वतः पहिले आठ दिवस हे उलटं धरून बसलो होतो आणि सगळी वही पुन्हा लिहावी लागली.

स्प्रेड दिवसभर सारखा नसतो. लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही बाजार उघडे असतात तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या साडेपाच ते साडेनऊच्या संध्याकाळी, युरो-डॉलरचा स्प्रेड एका पिपाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. न्यूयॉर्कचा दिवस संपला की मोठ्या बँका हिशेब पुढच्या तारखेवर नेतात, आशियातले बाजार अजून नीट जागे झालेले नसतात आणि भाव देणारेच कमी असतात. तेवढी पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, हाच स्प्रेड अनेक पटींनी फुगतो.

रात्री जागून बघायची गरज नाही. Ctrl+U दाबून Symbols ची खिडकी उघडा, EURUSD निवडा आणि Ticks या भागात काल रात्रीची ती वेळ टाका. बिड आणि आस्क दोन्ही रकाने दिसतील, वजाबाकी करा. खिडकीतली वेळ प्लॅटफॉर्मच्या सर्व्हरची असते, आपली नाही, तेवढं जुळवून घ्या. दहा रात्रींचा सर्वांत मोठा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढे त्याला मी "रात्रीचा स्प्रेड" म्हणणार आहे. सरावाच्या खात्यात तो पुष्कळदा खऱ्यापेक्षा अरुंद दाखवतात, म्हणून जो निघेल त्याच्यावर थोडं चढवूनच धरा.

### जवळच्या स्टॉपला स्प्रेड जास्त का खातो

समजा बिड १.०८५० आणि आस्क १.०८५१ आहे. तुम्ही १.०८५१ ला खरेदी केलीत, दहा पिप खाली १.०८४१ वर स्टॉप ठेवलात आणि दहा पिप वर १.०८६१ वर नफ्याचं लक्ष्य. कागदावर दोन्ही बाजू सारख्या आहेत. पण सौदा बंद होणार बिडवर, आणि बिड आत्ता १.०८५० ला उभा आहे. त्याला स्टॉपपर्यंत जायला नऊच पिप घसरावं लागतं, लक्ष्यापर्यंत मात्र अकरा पिप चढावं लागतं.

भाव कुठे जाणार याची तुम्हाला काहीच कल्पना नाही असं धरलं, तर शंभरातले साधारण पंचेचाळीस सौदे लक्ष्याला पोचतील आणि पंचावन्न स्टॉपला. पाच पिपांचा स्टॉप आणि पाचांचंच लक्ष्य घ्या: खाली चार, वर सहा. शंभरातले साठ सौदे स्टॉपला. पन्नास पिपांचा घ्या: खाली एकोणपन्नास, वर एक्कावन्न. स्टॉपला जाणारे एक्कावन्न. स्प्रेड तिन्ही वेळा एकच पिप आहे.

"शिस्त म्हणून स्टॉप जवळ ठेवा" असं सांगणारे बरेच भेटतील. त्यांना विचारा, स्प्रेडच्या किती पट दूर? मी स्वतः वीस पटींपेक्षा जवळ ठेवत नाही.

## ४. स्वॅप: स्टॉपची रेषा हलत नाही, पण खातं हलतं

युरो विकत घेतलात म्हणजे हिशेबाने तुम्ही डॉलर उसने घेऊन युरो धरले. डॉलरचं व्याज युरोपेक्षा जास्त असेल तर रोज रात्री तो फरक तुमच्या खात्यातून जातो. हा स्वॅप. न्यूयॉर्कचे पाच वाजतात त्या क्षणी सौदा उघडा असेल तरच तो लागतो. दिवसातल्या दिवसात सौदा बंद केला तर लागत नाही.

हिशेब करून बघू. एक लॉट म्हणजे १.०८५० च्या भावाने १,०८,५०० डॉलर. व्याजातला फरक वर्षाला दोन टक्के धरू, म्हणजे २,१७० डॉलर. त्याला ३६५ ने भागलं की एका रात्रीचे सुमारे ६ डॉलर. यावर प्लॅटफॉर्म आपला वाटा चढवतो, तेव्हा ८ धरा. पिपांत सांगायचं तर रात्रीला ०.८ पिप. विक्रीच्या बाजूने हाच फरक तुम्हाला मिळायला हवा, पण तिथेही वाटा कापला जातो. पुष्कळ ठिकाणी दोन्ही बाजूंना वजाच आकडा असतो. Specification मध्ये Swap long आणि Swap short या दोन ओळी आहेत, त्या बघितल्याशिवाय सौदा रात्रभर ठेवू नका. तिथेही पॉइंट की डॉलर हे Swap type वरून ताडून घ्या.

बुधवारी रात्री युरो-डॉलरला स्वॅप तिप्पट लागतो. हा सौदा दोन कामकाजाच्या दिवसांनी पुरा होतो असं धरलेलं असतं. बुधवारचा सौदा शुक्रवारचा. तो एका दिवसाने पुढे ढकलला की थेट सोमवारी जातो आणि मधल्या शनिवार-रविवारचं व्याज त्याच रात्री वसूल होतं. भाच्याची रात्र बुधवारचीच होती, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

स्वॅपने स्टॉपचा भाव बदलत नाही. तुम्ही १.०८४१ ठरवलंत तर तो तिथेच राहतो. पैसे खात्यातून परभारे जातात, म्हणून लक्षात येत नाही. सोमवारी घेतलेली खरेदी पुढच्या सोमवारी सकाळपर्यंत धरलीत तर रात्री पाच आणि आकारणी सात दिवसांची: सात वेळा ०.८, म्हणजे ५.६ पिप. स्टॉप बारा पिपांचा असेल तर तोटा बारांचा राहात नाही, साडेसतरांचा होतो. आणि ज्यांना "भाव थोडा वर गेला की स्टॉप खरेदीच्या भावावर आणा, मग तोटा नाही" असं शिकवलेलं असतं त्यांनी हे तपासाच. आठवड्याने तो स्टॉप लागला तर ५.६ पिपांचा तोटा झालेलाच असतो.

## ५. लिव्हरेज: स्टॉप जवळ कशामुळे येतो

लिव्हरेज म्हणजे अडकवलेल्या रकमेच्या किती पट सौदा करू देतात ते. ५०० डॉलरच्या खात्याला १:५०० लिव्हरेज दिलं की पूर्ण लॉटसाठी फक्त २१७ डॉलर अडकतात. लॉट घेता येतो, म्हणून माणूस घेतो. पण पिपाचे १० डॉलर हे लॉटवरून ठरतात, लिव्हरेजवरून नाही. लिव्हरेज फक्त मोठ्या लॉटचं दार उघडतं.

आता एखाद्याने शहाणपणाने ठरवलं की एका सौद्यात खात्याच्या दोन टक्क्यांपेक्षा, म्हणजे १० डॉलरपेक्षा जास्त घालवायचे नाहीत. तर त्याचे पर्याय असे आहेत:

- पूर्ण लॉट: १० डॉलर म्हणजे १ पिपाचा स्टॉप. तेवढा तर स्प्रेडच आहे. सौदा उघडताक्षणी संपला.
- ०.१० लॉट: १० पिपांचा स्टॉप. दिवसा स्प्रेडने त्यातला दहावा हिस्सा खाल्ला, रात्रीच्या स्प्रेडपुढे तो टिकणार नाही.
- ०.०२ लॉट: ५० पिपांचा स्टॉप. दिवसाचा स्प्रेड त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका, आणि रात्री स्प्रेड अकरा पिप झाला तरी जागा शिल्लक राहते.

तिन्हींत जोखीम तेच दहा डॉलर. स्प्रेडपोटी मात्र पहिल्यात १० डॉलर जातात, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २० सेंट. या तीन ओळी भाच्यासमोर लिहिल्या तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे स्टॉप लहान नव्हता मामा, लॉट मोठा होता."

खरं लिव्हरेज मोजायचं तर सौद्याची एकूण किंमत भागिले खात्यातली रक्कम. भाच्याचा अर्धा लॉट ५४,२५० डॉलरचा होता आणि खात्यात ५०० होते, म्हणजे तो १०८ पटींवर उभा होता. युरोपातल्या नियामकाने २०१८ मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी प्रमुख चलनजोड्यांवर ३० पटींची मर्यादा घातली. ०.०२ लॉटला १:३० वरही ७२ डॉलरच अडकतात, तेव्हा ५०० डॉलरच्या माणसाला १:५०० ची गरज कशासाठी, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

### तुमच्या स्टॉपआधीच लागणारा दुसरा स्टॉप

प्लॅटफॉर्मचाही स्वतःचा एक स्टॉप असतो, त्याला स्टॉप-आउट म्हणतात. खात्यातली चालू शिल्लक अडकलेल्या मार्जिनच्या ठराविक टक्क्यांवर आली, समजा ५० टक्क्यांवर, की तो तुम्हाला न विचारता सौदे बंद करतो. हा आकडा Margin level या नावाने खाली दिसत असतो.

५०० डॉलरवर दीड लॉट घेतला असं धरा. मार्जिन ३२५ अडकलं. शिल्लक १६३ च्या खाली गेली की स्टॉप-आउट. म्हणजे ३३७ डॉलरचा तोटा, पिपाला १५ डॉलरप्रमाणे साडेबावीस पिप. तुम्ही तीस पिपांवर स्टॉप लावून झोपलात तरी तिथपर्यंत भाव पोचणारच नाही, सौदा बाविसावरच कापला जाईल. शिवाय विक्रीच्या सौद्याची शिल्लक आस्कवर मोजतात. रात्री स्प्रेड अकरा पिप झाला की, बाजार इंचभर न हलता, त्या साडेबाविसांतले दहा गेले. त्यात बुधवारचा स्वॅप. म्हणून "मी स्टॉप लांब ठेवलाय, मला काही होत नाही" हे लॉट लहान असेल तरच खरं.

## ६. भाच्याचा सौदा, मिनिटागणिक

बुधवारी रात्री नऊला त्याने १.०८५० ला ०.५० लॉट विकला. स्टॉप १.०८६२, बारा पिप. पिपाला ५ डॉलर, म्हणजे ६० डॉलरची जोखीम, खात्याच्या बारा टक्के.

रात्री दोन वाजून पंचवीस मिनिटांनी बिड १.०८५५ आणि आस्क १.०८५६ होता. सौदा सहा पिप तोट्यात होता, पण स्टॉप अजून सहा पिप दूर. अडीच वाजले. भाव देणारे मागे सरले, बिड खाली १.०८५२ वर आला आणि आस्क वर १.०८६३ ला गेला. चार्ट बिडचा, म्हणून मेणबत्ती खाली आलेली दिसते. स्टॉप आस्कचा, म्हणून तो त्याच क्षणी लागला. स्टॉप लागल्यावर त्याचा साधा बाजारभावाचा हुकूम होतो आणि समोर असेल तो भाव मिळतो. १.०८६२ ऐवजी १.०८६३ मिळाला. तेरा पिप, ६५ डॉलर. त्यात विक्रीच्या बाजूचा स्वॅप लॉटला वजा २ डॉलर होता: अर्ध्या लॉटला १, बुधवार म्हणून ३. एकूण ६८ डॉलर, खात्यातले साडेतेरा टक्क्यांहून जास्त. पहाटेपर्यंत भाव १.०८२९ वर उतरला होता. त्याचा अंदाज बरोबर होता.

हाच सौदा नीट कसा मांडायचा? मी आता या क्रमाने जातो.

पहिल्यांदा चार्टवर ती जागा शोधायची जिथे भाव गेला तर आपला अंदाज चुकला असं आपण मान्य करू. आदल्या दिवशीचा उच्चांक १.०८७४ होता, ती जागा धरू. विक्रीचा सौदा आहे आणि रात्रभर ठेवायचाय, म्हणून त्यावर रात्रीचा स्प्रेड ११ पिप आणि वर २ पिपांची ढील: १.०८८७. विकलेल्या भावापासून ३७ पिप. खरेदीचा सौदा असता तर स्प्रेडचा वाटा खालच्या बाजूला सोडायचा, कारण बिडही त्या वेळी खाली येतो.

मग लॉट काढायचा. डॉलरचं खातं आणि EURUSD असेल तर सूत्र एवढंच:

```
lot = risk_usd / (stop_pips * 10)
```

१० भागिले ३७० म्हणजे ०.०२७. खाली उतरून ०.०२ घ्यायचा, ०.०३ नाही, कारण तिथे जोखीम अकरा डॉलरच्या वर जाते. ०.०२ ला स्टॉप लागला तर ७ डॉलर ४० सेंट जातील. आणि त्या रात्री स्टॉप लागलाच नसता, आस्क १.०८६३ लाच थांबला होता.

शेवटी बघायचं की ३७ पिप हे दिवसाच्या स्प्रेडच्या वीस पटींहून जास्त आहेत का, आणि किती रात्री धरणार त्याचा स्वॅप स्टॉपच्या दहाव्या हिश्श्यात बसतो का. नसेल बसत तर सौदा सोडून द्यायचा.

जवळचा स्टॉप कधीच ठेवायचा नाही असं माझं म्हणणं नाही. संध्याकाळच्या अरुंद स्प्रेडमध्ये वीस-पंचवीस पिपांचा स्टॉप चालतो, पण मग रात्री सव्वादोनच्या आत सौदा बंद झाला पाहिजे. अमेरिकेच्या रोजगार आकड्यांच्या शुक्रवारी, उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सहाला, तोही चालत नाही. आणि स्टॉप म्हणजे ठरलेल्या भावाची हमी नव्हे. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोमागे १.२० फ्रँकची हमी अचानक काढून घेतली, तेव्हा तिथले स्टॉप कितीतरी खालच्या भावांना भरले गेले. लॉट लहान ठेवण्याचं तेही एक कारण आहे.

## ७. धंद्यात खरं परकीय चलन असेल तर

आमच्यासारखे फाउंड्रीवाले, काजू पाठवणारे, मशीन आयात करणारे यांनी हे वाचा. एक्स्चेंजवर डॉलर-रुपया, युरो-रुपया यांचे वायदे आहेत आणि युरो-डॉलरचाही, रुपयात हिशेब होणारा. युरो-डॉलरचा करार १,००० युरोचा, डॉलर-रुपयाचा १,००० डॉलरचा. मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम काटेकोर लागू झालाय: रुपया गुंतलेल्या करारांत उतरायचं तर तुमच्याकडे खरोखरची देणी-घेणी हवी. दहा कोटी डॉलरपर्यंत तिचा पुरावा आधी दाखवावा लागत नाही, पण ती असलीच पाहिजे. निव्वळ अंदाजावर खेळणाऱ्यासाठी ते दार नाही.

कागदपत्रं अशी लागली: पॅन, आधार, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा किंवा आयकर विवरणपत्र, आयात-निर्यात कोड, आणि देणी-घेणी असल्याचं ब्रोकरला दिलेलं निवेदन. मागणीपत्र आणि बिलांची फाईल मी वेगळी ठेवतो, विचारलं तर लगेच काढता यावी म्हणून.

इथे रात्रीचा स्वॅप नाही. व्याजाचा फरक पुढच्या महिन्याच्या भावातच मुरलेला असतो, म्हणून चालू भाव आणि वायद्याचा भाव यांतलं अंतर बघून ठेवा, ते तुमच्या बाजूचं आहे की विरुद्ध. बाजार रात्री बंद असतो, त्यामुळे अडीचचा प्रकार होत नाही. पण सकाळी नऊला भाव उडी मारून उघडू शकतो आणि स्टॉप त्या उडीपलीकडे भरला जातो. स्प्रेड इथेही आहेच. तो ऑर्डर बुकात समोर दिसतो, आणि दूरच्या महिन्यांत किंवा युरो-डॉलरसारख्या करारांत भाव विरळ असल्याने बराच रुंद असतो. म्हणून जवळचा महिना घ्या, बाजारभावाचा हुकूम टाकण्याऐवजी भाव ठरवून हुकूम टाका आणि बिलाची रक्कम जेवढी तेवढेच करार घ्या. आमचं बिल बावीस हजार युरोचं असेल तर मी बावीसच घेतो. त्या सौद्याला जवळचा स्टॉप मी लावतच नाही, कारण वायद्यात जे जाईल ते बिलात परत येणार असतं. स्टॉप लागून वायदा मध्येच कापला गेला, तर बिल पुन्हा उघड्यावर पडतं.

भाचा सध्या ५०० आभासी डॉलरवर आहे. त्याच्या वहीत प्रत्येक सौद्यासमोर चार रकाने आहेत: घेतानाचा स्प्रेड, त्या आठवड्यातला रात्रीचा स्प्रेड, किती रात्रींचा स्वॅप आणि स्टॉप स्प्रेडच्या किती पट. दर रविवारी निपाणीहून तो वहीचा फोटो पाठवतो आणि चौथ्या रकान्यात विसाच्या खालचा आकडा दिसला की मी त्याला फोन करतो.